अमोनियापासून नायट्रिक आम्ल : उत्प्रेरक खर्च होत नाही, तर प्लॅटिनमची जाळी बदलतात कशासाठी?

प्रयोगवही

मी बडोद्यात मांजलपूरला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. ओस्टवाल्ड पद्धत शिकवताना आम्ही तीन समीकरणे लिहून मोकळे होतो. तापलेल्या प्लॅटिनमच्या जाळीवर अमोनिया आणि हवा यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड होतो, तो गार करताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि तो पाण्यात शोषला की आम्ल तयार होते. मागच्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच्या मामांकडून ऐकून आल्यावर विचारले की, कारखान्यात ही जाळी दर काही महिन्यांनी काढून नवी घालतात, मग पुस्तकात उत्प्रेरक खर्च होत नाही असे का लिहिले आहे? त्याशिवाय पुस्तकात ९८ टक्के रूपांतर म्हटले आहे आणि मामा ९५-९६ वर समाधान मानतात. उरलेला अमोनिया कुठे जातो? प्रत्यक्ष कारखान्यात काम केलेल्या कुणी सविस्तर लिहिले, तर फार उपकार होतील.

चिंतोपंत

यात अवघड काही नाही. जाळीची तार केसासारखी बारीक असते, तिच्यावरून जोरात गरम वायू जातो, त्यामुळे ती घासून झिजते आणि तिची पूड वायूबरोबर पुढे निघून जाते. वहाणेचा तळ झिजतो तशीच ही झीज आहे. उत्प्रेरकाच्या व्याख्येचा येथे संबंधच नाही.

मीनल_ब

चिंतोपंत, वहाण रस्त्यावर घासते, वायू कशावर घासणार? आणि घासूनच झिजत असेल, तर तापमान वाढवल्यावर झीज वाढायला नको. ती वाढते असे मी ऐकले आहे.

निवृत्त_बर्नर

मी नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात बरीच वर्षे शिफ्ट सांभाळली, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

चिंतोपंतांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. जुनी जाळी ठिसूळ होते आणि शेवटी शेवटी तिचे तुकडे तुटून पुढे जातात, हे खरे आहे. पण मुख्य घट त्याने होत नाही. सुमारे ८५० ते ९०० अंशांना प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसतो आणि प्लॅटिनमचे ऑक्साइड तयार होते, जे त्या तापमानाला वाफ होऊन वायूबरोबर निघून जाते. पुढे वायू गार झाला की त्याचे पुन्हा धातूत रूपांतर होते, आणि ते बॉयलरच्या नळ्यांवर, फिल्टरमध्ये, आम्लाच्या टाकीच्या तळाच्या गाळातसुद्धा सापडते. मीनलताईंनी तापमानाचा मुद्दा बरोबर हेरला. जाळी जितकी गरम ठेवाल, तितकी ही वाफ झपाट्याने वाढते.

म्हणून प्रयोगवही सरांच्या विद्यार्थ्याला सांगता येईल की, अमोनियाचे ज्वलन घडवून आणण्यात प्लॅटिनम खर्च होत नाही. ज्या ऑक्सिजनच्या हवेत ते काम करते, त्याच ऑक्सिजनशी त्याची एक वेगळी, बिनकामाची अभिक्रिया शेजारीच चालू असते, आणि तिच्यात ते निघून जाते.

हे प्रमाण किती, तर साधारण वातावरणीय दाबावर चालणाऱ्या जुन्या कारखान्यात एक टन आम्लामागे सुमारे ०.०५ ग्रॅम, मध्यम दाबावर ०.१५ ग्रॅमच्या आसपास आणि उच्च दाबावर ०.३ ग्रॅमपर्यंत. दाब वाढला की एका चौरस मीटर जाळीवरून जास्त वायू जातो, जाळी अधिक गरम चालवावी लागते आणि घट वाढते.

रावपुरा_सराफ

आमच्याकडे सोन्यातली चांदी वेगळी करण्यासाठी हेच आम्ल लागते, म्हणून धागा वाचायला घेतला. काढलेली जुनी जाळी थेट नायट्रिक आम्लात विरघळवून प्लॅटिनम परत मिळवता येत नाही का? आणि चांदी काढण्यासाठी आम्ल किती तीव्र घ्यावे, ६८ टक्के की पातळ करून?

निवृत्त_बर्नर

सराफसाहेब, नुसत्या नायट्रिक आम्लात प्लॅटिनम विरघळत नाही. त्याला अम्लराज लागतो, म्हणजे नायट्रिकबरोबर हायड्रोक्लोरिकही. ते काम कारखान्यात करत नाहीत, जुनी जाळी मोजून, सील करून धातू शुद्ध करणाऱ्यांकडे पाठवतात. चांदीचा प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारा, येथे विषय वाहवत जाईल.

मात्र तुमच्या धंद्यातली घटीची सवय येथे कामाला येईल. जाळी बसवताना आणि काढताना वजन घेतात, पण निव्वळ वजनातील फरकावरून प्लॅटिनमची घट नेमकी कळत नाही, कारण काढलेल्या जाळीवर धूळ असते, आणि खालच्या थरांवर वरच्या थरांतून उडालेले प्लॅटिनम येऊन बसलेले असते. खरा हिशेब धातू शुद्ध झाल्यावरच लागतो.

कलाभवन

मी केमिकल इंजिनीयर आहे, नायट्रिकच्या कारखान्यात काम केलेले नाही. पण मला वाटते, रूपांतर कमी होण्याचे कारण प्लॅटिनमची घट नसावे, कारण उत्प्रेरक उरलेला असतो. अभिक्रिया इतकी वेगवान असते की वायू जाळीत एक मिलिसेकंदाच्या आसपास थांबतो, आणि अमोनिया पहिल्या काही थरांतच संपतो. मग तीन-चार महिन्यांनी टक्का का खाली येतो? मला लोखंडाचा गंज किंवा कॉम्प्रेसरच्या तेलाने होणारी विषबाधाच मुख्य कारण वाटते.

निवृत्त_बर्नर

कलाभवन यांचा प्रश्न रास्त आहे. कारणे किमान तीन आहेत आणि त्यांची सरमिसळ असते.

पहिले रोडियमचे. जाळी शुद्ध प्लॅटिनमची नसते, तिच्यात साधारण १० टक्के रोडियम असते. त्याने तार मजबूत होते आणि घटही थोडी आवरते. पण प्लॅटिनम वाफ होऊन जाते तसे पृष्ठभागावरचे रोडियमचे प्रमाण वाढते, त्याचे ऑक्साइड साचते, आणि रोडियम ऑक्साइड हे काम प्लॅटिनमइतके चांगले करत नाही. जाळी गरजेपेक्षा थंड चालवली तर हे अधिक होते. म्हणजे घट होऊनही प्लॅटिनम उरलेले असते हे खरे, परंतु वायूसमोर येणारा पृष्ठभाग पूर्वीचा राहिलेला नसतो.

दुसरे, लोखंडाचा गंज. अमोनियाची वाहिनी आणि हवेची वाहिनी कार्बन स्टीलची असली, तर तिच्यातून बारीक गंज येतो. तो जाळीवर बसला की अमोनियापासून नायट्रिक ऑक्साइडऐवजी नायट्रोजन तयार होतो. म्हणूनच फिल्टर इतके जपतात.

तिसरे म्हणजे जाळी नीट बसलेली नसणे, म्हणजे कडेला सुरकुती पडणे किंवा एखादे भोक राहणे. मग काही अमोनिया न जळता सरळ खाली निसटतो आणि पुढे गरम वायूत नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावून पुन्हा नायट्रोजनच देतो. येथे दुहेरी तोटा आहे, कारण निसटलेला अमोनिया तर जातोच, शिवाय तयार झालेला ऑक्साइडही तो खातो.

नवी जाळीही पहिल्याच दिवशी पूर्ण तयारीची नसते. हातात घेतली तर ती चकचकीत आणि कापडासारखी मऊ असते, हातमोजे घालूनच धरतात, कारण बोटांचे तेलही नको असते. काम सुरू झाल्यावर काही दिवसांत तारेचा गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत होतो, सूक्ष्मदर्शकाखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे दिसतात, आणि त्यामुळे वायूशी भिडणारे क्षेत्रफळ वाढून टक्का चढतो. काढलेली जाळी करडी, निस्तेज आणि हातात चुरा व्हावी इतकी नाजूक झालेली असते.

नंदेसरी_नाइट

मी नंदेसरीच्या एका कारखान्यात शिफ्टला असतो, कारखान्याचे नाव घेत नाही. आमच्याकडे सध्या हेच चालू आहे. नवी जाळी बसवून फार काळ झालेला नाही, पण एक टन आम्लामागे लागणारा अमोनिया हळूहळू वाढत आहे. जाळीचे तापमान मात्र नेहमीसारखे ८९० च्या आसपास आहे. म्हणून आमचे साहेब म्हणतात की, बर्नर ठीक आहे, दोष अमोनियाच्या फ्लो मीटरचा असावा.

निवृत्त_बर्नर

तापमान नेहमीसारखे आहे, म्हणून बर्नर ठीक, हा निष्कर्ष मी काढणार नाही. ते का, हे थोडे हिशेबाने सांगतो.

मिश्रणात अमोनिया १० टक्के धरा. दर एक टक्का अमोनियामागे वायूचे तापमान सुमारे ७० अंश चढते, म्हणजे १० टक्क्यांना ७०० अंश, आणि मिश्रण २०० अंशांना आत येत असेल तर जाळी ९०० ला जाते. आता शंभर रेणूंपैकी एक रेणू नायट्रिक ऑक्साइड होण्याऐवजी नायट्रोजन झाला, तर उष्णता कमी होत नाही, उलट वाढते, कारण नायट्रोजन होताना दर मोलला सुमारे ३१७ किलोज्यूल सुटतात आणि ऑक्साइड होताना २२६. म्हणून रूपांतर एक टक्का घटले आणि तो सारा नायट्रोजनकडे गेला, तर तापमान जवळजवळ ३ अंश वर जाते. याउलट एक टक्का अमोनिया न जळताच निसटला, तर ७ अंश खाली येते. दोन्ही थोडे थोडे घडले, तर एकमेकांना झाकून टाकतात. शिवाय आत येणाऱ्या मिश्रणाचे तापमान ५ अंशांनी इकडेतिकडे झाले, तरी हा फरक त्यात बुडून जातो. रूपांतर ९६ वरून ९३.५ वर आले आणि थर्मोकपल शांत राहिले, यात नवल काहीच नाही.

तेव्हा तापमान बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पाहा. जाळीच्या आधी आणि नंतर निर्वात फ्लास्कमध्ये एकाच वेळी नमुने घ्या. आधीच्या नमुन्यातला अमोनिया आम्लात शोषून मोजा, नंतरच्या नमुन्यातल्या ऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडने आम्ल करून ते टायट्रेट करा. नमुना घेण्यात चूक फार सहज होते, म्हणून एका जोडीवर विसंबू नका. दुसरे, कूलर-कंडेन्सरमध्ये जमणाऱ्या पातळ आम्लात अमोनियम वाढते आहे का पाहा. तिसरे, साईट ग्लासमधून जाळीकडे नीट पाहा. सर्व जाळी सारखी नारिंगी असायला हवी.

मीनल_ब

अमोनियम वाढले आणि नाही वाढले, यांतून कारण वेगळे कळते का?

निवृत्त_बर्नर

बऱ्याच अंशी कळते. वाढले, तर अमोनिया निसटतो आहे, म्हणजे कडेचा दोष किंवा जाळीचा थंड पडलेला भाग. अजिबात न वाढता टक्का घसरला, तर अमोनिया जळतो आहे, पण चुकीच्या वाटेने, म्हणजे गंज किंवा रोडियम ऑक्साइड. मात्र निसटलेला काही अमोनिया वाटेतच नायट्रोजन होऊन जातो, म्हणून कमी वाढ दिसली तरी दुर्लक्ष करू नये.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. न जळलेला अमोनिया थंड भागात ऑक्साइडशी मिळून अमोनियम नायट्राइट आणि नायट्रेट होतो, आणि ते कंडेन्सरच्या नळ्यांत साचले तर स्फोटाचा धोका असतो. जाळी पेटवताना तर हे विशेष सांभाळावे लागते, कारण हायड्रोजनची ज्योत फिरवून जाळी एका जागी पेटते आणि तिथून पसरते, तोपर्यंत न पेटलेल्या भागातून अमोनिया सरळ पुढे जाऊ शकतो.

नंदेसरी_नाइट

काका, आज पाहिले. कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा एक पट्टा काळपट दिसतो, आणि दोन शिफ्टमध्ये त्याची जागा बदललेली नाही. अमोनियमही पूर्वीपेक्षा स्पष्ट जास्त आहे. आमचे थर्मोकपल मध्यभागाकडे आहेत, त्यामुळे त्या कडेचे त्यांना काही कळतच नसावे. टायट्रेशनच्या चार जोड्यांचा मध्य ९३.५ च्या आसपास येतो, नवी जाळी बसवल्यावर स्थिरावलेला आकडा ९६ होता.

कलाभवन

तरीही मला गंजाची शक्यता सोडवत नाही. अमोनियाची वाहिनी शटडाऊनमध्ये उघडली असेल, तर त्यातूनच गंज सुटू शकतो, आणि तो जाळीवर एकसारखा न बसता एका बाजूलाच बसला तर तेथेही काळा भाग दिसेल.

निवृत्त_बर्नर

शक्य आहे. पण गंजाने झालेले काळे ठिपके सहसा विखुरलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर अमोनियम इतके वाढणे मला खटकते. माझा कौल कडेच्या बाजूने आहे. तुम्ही म्हणता तसे दोन्ही असण्याची शक्यताही मी नाकारत नाही.

चिंतोपंत

अडीच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप? शटडाऊनमध्ये गेलेले उत्पादन धरले तर चालू ठेवणेच फायद्याचे.

निवृत्त_बर्नर

हिशेब करून पाहा, चिंतोपंत. एक टन आम्लाला अमोनिया तत्त्वतः २७० किलो लागतो. शोषणाची कार्यक्षमता ९९ टक्के धरली, तर रूपांतर ९६ टक्के असताना २८४ किलो आणि ९३.५ टक्के असताना सुमारे २९२ किलो लागतो. रोज ३०० टन आम्ल करणाऱ्या कारखान्यात फरक होतो रोजचा सव्वादोन टनांहून जास्त अमोनिया.

शेजारी प्लॅटिनम ठेवा. टनामागे ०.१५ ग्रॅम घट म्हणजे रोज ४५ ग्रॅम. त्यातला मोठा भाग खाली बसवलेली पॅलॅडियमची जाळी पकडते. ७० टक्के पकडला असे धरले, तर खरी घट रोज १३-१४ ग्रॅम, आणि त्या पकडीत पॅलॅडियमही थोडे जाते, ते वेगळे. एका बाजूला अमोनिया, दुसऱ्या बाजूला धातू, शटडाऊनचे नुकसान आणि जाळी बदलण्याचा खर्च, यांचा जो मेळ बसतो, त्यावर जाळी कधी काढायची ते ठरते. म्हणूनच कमी दाबावर जाळी आठ-दहा महिने चालते, मध्यम दाबावर चार ते सहा, आणि उच्च दाबावर दोन-तीन महिन्यांतच काढतात.

कलाभवन

मग तापमान वाढवून रूपांतर वाढवता येणार नाही का? दहा अंश वर नेले तर?

निवृत्त_बर्नर

थोडे वाढेल, पण प्लॅटिनम झपाट्याने जाईल. आणि तापमान वाढवण्यासाठी मिश्रणातील अमोनिया वाढवायला गेलात, तर स्फोटाच्या मर्यादेकडे सरकता. सामान्य तापमानाला हवेत ती सुमारे १५ टक्के असते, दाब आणि तापमान वाढले की ती खाली येते, म्हणून कारखाने १० टक्क्यांच्या आसपासच थांबतात. त्याऐवजी आत येणारे मिश्रण अधिक तापवता येते. कमी तापमानाला नायट्रस ऑक्साइड जास्त तयार होतो, त्यामुळे तेही जास्त थंड ठेवू नये. कुठे थांबायचे याबाबत प्रत्येक कारखान्याचे मत निराळे आहे, आणि मला त्यात एकच उत्तर सापडलेले नाही.

रावपुरा_सराफ

आपले सर्व बोलणे वाचले. एकच शंका. धुरांड्यातून तपकिरी धूर दिसला, म्हणजे जाळी खराब असे आमचे एक ओळखीचे सांगत असतात.

नंदेसरी_नाइट

सराफसाहेब, तपकिरी धूर शोषण नीट न झाल्याची खूण आहे, बर्नरची नाही. शोषण मनोऱ्यात पाणी कमी पडले किंवा पाणी गरम झाले, तरी धूर दिसतो. जाळीवर तयार झालेला नायट्रोजन रंगहीन असतो, तो धुरांड्यातून निघून गेला तरी कुणाला दिसणार नाही.

प्रयोगवही

माझा मूळ प्रश्न आता इतका बदलला आहे की परीक्षेत विचारताना मला वाक्यरचनाच बदलावी लागेल. मुलांना मी असे सांगणार आहे की, उत्प्रेरक ज्या अभिक्रियेला गती देतो, त्या अभिक्रियेत तो खर्च होत नाही, पण तो ज्या परिस्थितीत ठेवलेला असतो, त्या परिस्थितीत त्याच्यावर दुसरे काहीही होऊ शकते. आणि ९५ टक्क्यांपलीकडचा अमोनिया मुख्यतः नायट्रोजन होऊन जातो. हे शास्त्रीयदृष्ट्या चालेल ना?

मीनल_ब

चालेल, पण पृष्ठभागावर ऑक्सिजन बसणे ही त्या उत्प्रेरणाचीच पायरी आहे ना? त्याच ऑक्सिजनमुळे ऑक्साइड वाफ होत असेल, तर दोन अभिक्रिया खरेच वेगळ्या म्हणता येतील का?

निवृत्त_बर्नर

मीनलताई, प्रश्न चांगला आहे. पृष्ठभाग एकच आहे हे मान्य, पण ऑक्साइड होऊन उडालेला अणू त्या चक्रात परत येत नाही, म्हणून मी तरी त्याला वेगळे धरीन. बारावीच्या पेपरात मात्र हा वाद नको.

नंदेसरी_नाइट

शटडाऊन झाला, जाळी पाहिली. कडेच्या पकड रिंगखाली काळ्या पट्ट्याच्या नेमक्या जागी सुरकुती होती आणि तिथे तार तुटलेली होती. पण पहिल्या थरावर तांबूस ठिपकेही विखुरलेले होते, म्हणजे कलाभवन यांचेही काही खरे आहे. आता प्रश्न असा की, तोच थर गरम पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन पुन्हा वापरायचा की नवा घालायचा. आमचे साहेब धुण्याच्या बाजूने आहेत.

निवृत्त_बर्नर

धुतल्याने लोखंड उतरते, तुटलेली तार जोडली जात नाही. सुरकुतीचा तो थर बदला, बाकीचे थर सुटे करून भिंगाखाली पाहा, ठिपके असतील ते धुवा, आणि रिंग बसवण्याआधी कडेचा ताण चारही बाजूंनी हाताने तपासा. सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतले अमोनियमचे आकडे येथे टाकलेत, तर गंजाचा वाटा किती होता ते कलाभवन यांनाही पाहता येईल.